शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा सुट्टी कशी मागायची? तारीख दरवर्षी बदलते आणि मॅनेजर म्हणतो दोन महिने आधी सांग

होळीची सुट्टी मागू नका, पालखीची मागा. मी अकाउंट्समध्ये आहे, गाव रत्नागिरीकडचं, आणि ही चूक मी 2024 ला केली. त्या वर्षी होळी 24 मार्चला, म्हणजे ऐन क्लोजिंगमध्ये. साहेब म्हणाले, देवाला सांग एप्रिलमध्ये ये. सगळे हसले, मीपण हसलो, त्याचाच अजून राग येतो. कशीबशी 26 पर्यंत रजा मिळाली. आमच्याकडे भद्रेचे शिमगे, म्हणजे पौर्णिमेचे (तेरसेवाल्यांचं आधीच उरकतं), पण होम झाला की पालखी लगेच आपल्या दारात येत नाही ना. आधी सहाणेवर बसते, मग एकेक वाडी, आणि आमची वाडी शेवटची. आमच्या घरी आली 28 ला, रात्री दोन वाजता. मी ठाण्यात. आईने एकटीने ओटी भरली, अंगणात पालखी नाचवायला शेजारचा पोरगा पुढे झाला. चुलतभावाने फोन लावून धरला होता, ढोलाच्या आवाजात काही कळेना, मग एकदम शांत झालं आणि गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "मुंबईला चाकरीला असलेल्या लेकराला सांभाळ महाराजा", आणि मागून सगळ्यांचं "व्हय महाराजा". पाच वाजेपर्यंत झोप नाही, नऊला ऑफिसात.

तेव्हापासून जानेवारीतच होळीपासून पुढचे आठ दिवस पीएल टाकून ठेवतो. गावकीच्या मीटिंगमध्ये वाड्यांचे दिवस ठरले की मानकऱ्यांना फोन करायचा आणि नको ते दिवस कॅन्सल करायचे. रजा वाढवून मिळत नाही, परत केलेली मात्र कुठलाही साहेब आनंदाने घेतो. रेल्वेचं बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे तेव्हा वाडीचा दिवस ठरलेलाच नसतो, म्हणून परतीची दोन तिकिटं काढतो, एक नंतर रद्द. आणि मॅनेजरला पुढच्या तीन वर्षांच्या होळ्या दाखवा. दरवर्षी अकरा-एक दिवस अलीकडे सरकते, अधिक महिना आला की एकदम पुढे उडी. 2025 ला 13 मार्च, 2026 ला 2 मार्च, मग त्याच वर्षी अधिक ज्येष्ठ, त्यामुळे 2027 ला परत 21-22. म्हणजे क्लोजिंगशी भांडण दरवर्षी नसतं, हे साहेबाला कागदावर दिसलं की तो जरा नरम पडतो.

आजारी आहे म्हणून खोटं सांगू नका. आमचा धाकटा चुलतभाऊ दरवर्षी तेच करतो आणि मलाच शहाणपण शिकवतो की तू खरं बोलून पालखी चुकवलीस. एकदा त्याच्याच टीमलीडने स्टेटसवर त्याला ढोल बडवताना बघितलं. आता विचार म्हणावं कोण शहाणा.

अर्थात तुम्ही प्रोबेशनवर असाल तर आठ दिवस वगैरे विसरा, वाडीचा दिवस कळला की तेवढीच एक रात्र गाठा.