भागीदाराला स्पष्ट मेसेज कसा लिहावा?

प्रश्न: भोसरीत मित्रासोबत जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. बिलिंग तो बघतो, पण त्याच्या दिरंगाईमुळे धंदा अडकतोय. मैत्री न तोडता कसं सांगू?

उत्तर: 'तू लक्ष देत नाहीस' असं लिहिलंत की वाद स्वभावावर जातो. एकच गोष्ट घ्या आणि ती पैशापर्यंत कशी पोचली ते दाखवा. समजा जीएसटीआर-1 उशिरा जातोय, तर असं लिहा:

"ऑगस्टचा जीएसटीआर-1 11 सप्टेंबरपर्यंत जायला हवा होता, 25 तारखेला गेला. त्यामुळे चाकणच्या पार्टीला त्या महिन्यात क्रेडिट दिसलं नाही आणि त्यांनी आपलं पेमेंट रोखलं. पगार ओडीतून करावे लागले. हे आता धंद्याला झेपत नाहीये. बिलिंग अकाउंटंटकडे द्यावं असं मला वाटतं. तुझा हिस्सा आणि सहीचा अधिकार तसाच राहील. तुझी अडचण काय आहे तेही ऐकायचंय. गुरुवारी सुट्टीला बसूया?"

हिश्श्याचं वाक्य गाळू नका, नाहीतर त्याला वाटेल की आपल्याला बाहेर काढायची तयारी चाललीय. भागीदारी करारात कामाची वाटणी लिहिलेली असेल तर ती दोघांच्या सहीनेच बदला. आणि हे कामगार असलेल्या ग्रुपवर चुकूनही टाकू नका.