‘मेइजी रिस्टोरेशन’ला मराठीत काय म्हणावं?

“मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘मेइजी पुनःस्थापना’ आहे, दुसऱ्या एका लेखात ‘मेइजी क्रांती’ वाचलं. जपानचा सम्राट तर आधीपासून होताच, मग पुन्हा स्थापना कशाची झाली? आणि आगगाड्या, गिरण्या, कारखाने आले, त्या सगळ्याला ‘पुनः’ कसं म्हणायचं?”

घोटाळा मराठीतला नाही, इंग्रजीतून आलेला आहे. जपानीत या काळासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि इंग्रजीने दोन्हींवर एकच ‘रिस्टोरेशन’ चिकटवला. आपण इंग्रजीवरून भाषांतर केलं, म्हणून कोड्यात पडलो.

पहिला शब्द ‘ओसेइ फुक्को’. ‘ओसेइ’ म्हणजे राजाचं शासन आणि ‘फुक्को’ म्हणजे जुन्या रीतीकडे परतणं. ३ जानेवारी १८६८ रोजी क्योतोच्या राजवाड्यातून जी घोषणा झाली, तिचं हे नाव. पुस्तकातली ‘पुनःस्थापना’ इथे अगदी चपखल बसते. सम्राट होता हे खरंच, पण १६०३ पासून कारभार एदोच्या, आजच्या तोक्योच्या, तोकुगावा घराण्याकडे, म्हणजे शोगुनकडे होता. सम्राट क्योतोत राहायचा, त्याच्या नावाने शोगुनला पद मिळायचं आणि राज्य मात्र शोगुन करायचा. मराठी माणसाला हे समजवायला फार लांब जावं लागत नाही. साताऱ्याहून छत्रपतींनी पेशवाईची वस्त्रं द्यायची आणि दौलत पुण्याहून चालायची, हे आपल्या परिचयाचं आहे. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. तेही आधीपासून छत्रपतीच होते, पण मधला पेशवा हटला. तुलना एवढ्यापुरतीच घ्यावी, कारण साताऱ्यात गादीमागे परक्याचा हात होता आणि क्योतोत सात्सुमा व चोशू या संस्थानांतले तरुण सामुराई होते. सम्राट तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याने स्वतः कारभार हाती घेतला असं समजू नये. निर्णय ओकुबो तोशिमिची, किदो ताकायोशी यांच्यासारखी माणसं घेत, आणि नाव व शिक्का सम्राटाचा असे.

दुसरा शब्द ‘इशिन’. जपानी माणूस या साऱ्या काळाला ‘मेइजी इशिन’ म्हणतो, आणि या शब्दात ‘पुन्हा’ असा अर्थच नाही. तो एका प्राचीन चिनी काव्यसंग्रहातल्या ओळीतून घेतलेला आहे. ओळीचा आशय असा, की झौ हे राज्य जुनं असलं तरी त्याला मिळालेला दैवी आदेश नवा आहे. राज्य जुनं आणि आदेश नवा, या दोन टोकांमध्ये ‘इशिन’ उभा आहे. सामान्य लोकांच्या तोंडी याच उच्चाराजवळचा ‘गो-इश्शिन’ होता, म्हणजे सगळं एकदम नवं करून टाकणं. त्यामुळे जुन्याकडे परतणं हा घोषणेचा शब्द, आणि नवं होणं हा लोकांचा व काळाचा शब्द, असं म्हणता येईल.

आता ‘क्रांती’बद्दल. मराठीत ‘राज्यक्रांती’ म्हटलं की फ्रान्स डोळ्यांसमोर येतो आणि राजा गादीवरून खाली येतो. जपानमध्ये उलट झालं, गादीचा आधार घेऊन बाकीची इमारत पाडली गेली. १८७१ च्या ऑगस्टमध्ये दाइम्यो, म्हणजे संस्थानिक, राजवाड्यात बोलावले गेले आणि सम्राटाच्या नावाने फर्मान वाचलं गेलं, की अडीचशेहून अधिक संस्थानं आता रद्द. त्यांच्या जागी सरकारी जिल्हे आले. सम्राटाचं नाव नसतं तर हे एका दिवसात पचलं नसतं. १८७३ मध्ये जमिनीच्या किमतीच्या तीन टक्के रोख सारा बसवला गेला. तोपर्यंत शेतकरी तांदूळ भरत असे, पीक बुडालं की सारा थोडाफार कमी होई. आता भाव पडो वा पीक जावो, रोख रक्कम ठरलेली. शेतकऱ्यांचे उठाव झाले आणि १८७७ मध्ये दर अडीच टक्क्यांवर आला. सामुराईंचे वंशपरंपरागत तनखेही १८७६ मध्ये रोख्यांत बदलून संपवले गेले, आणि पुढच्याच वर्षी सात्सुमात बंड उभं राहिलं. कारखान्यांना लागलेला पैसा बऱ्याच अंशी या शेतसाऱ्यातून आला, हे या गौरवगाथेत सहसा सांगितलं जात नाही.

कारखानदारीला त्यांचा स्वतंत्र शब्द आहे, ‘शोकुसान कोग्यो’. उत्पादन वाढवणं आणि उद्योग उभे करणं, एवढा साधा त्याचा अर्थ. तोच शब्द जमिनीवर कसा उतरला, हे पाहायला मला तोमिओका गावची रेशीम गिरणी सगळ्यांत आवडते.

योकोहामा बंदरातून जपानचं कच्चं रेशीम युरोपला जाऊ लागलं होतं. तिकडे रेशीमकिड्यांवर रोग पडल्याने मागणी जोरात होती. तक्रार मालाच्या दर्जाची होती. जपानी घरांत हाताने फिरवायच्या रहाटावर सूत निघे, एका लडीत कुठे जाड तर कुठे बारीक. असा धागा फ्रान्सच्या यंत्रमागावर तुटतो. म्हणून सरकारने पॉल ब्रुना या फ्रेंच माणसाला नेमलं आणि १८७२ च्या अखेरीस तोमिओकात वाफेवर चालणारी गिरणी सुरू झाली. तीनशे कढया. यंत्रं आणि खिडक्यांची काच फ्रान्सहून आली. इमारतीचा सांगाडा मात्र जपानी लाकडी खांबांचा, त्यात भरायला विटा, आणि विटा हव्यात तर कौलं भाजणाऱ्या स्थानिक कारागिरांना माती शोधून त्या करायला शिकवलं गेलं. सिमेंट नव्हता, म्हणून चुन्याच्या गिलाव्याने सांधे भरले.

कढईतल्या गरम पाण्यात कोश टाकले की त्यांचा डिंक सुटतो आणि तंतूचं टोक हाती लागतं. एकेका कोशाचा तंतू इतका बारीक असतो, की चार-पाच कोशांचे एकत्र ओढूनच एक धागा होतो. त्यातला एखादा कोश संपला की त्या क्षणी दुसऱ्याचं टोक जोडायचं, नाहीतर धागा बारीक पडतो. युरोपात नाकारला जाणारा जाडबारीकपणा नेमका इथे जन्मायचा, आणि कामगाराची नजर व बोटं हाच त्यावरचा उपाय होता. मग दोन धागे एकमेकांभोवती पिळून पुन्हा वेगळे करायचे, म्हणजे पाणी निथळतं आणि धागा गोल येतो. एक गोष्ट मात्र फ्रान्समध्ये नव्हती. जपानच्या दमट हवेत डिंक नीट सुकत नाही, लड चिकटून बसते. म्हणून तोमिओकात धागा आधी लहान फाळक्यावर घेऊन पुन्हा मोठ्या फाळक्यावर उतरवायचा, असा एक टप्पा वाढवला होता. परक्या यंत्राला आपल्या हवेशी जुळवून घेणं म्हणजे काय, ते यात दिसतं.

कामाला मुली मिळेनात. फ्रेंच लोक तांबडी वाइन पितात, ती पाहून ते माणसाचं रक्त पितात अशी अफवा पसरली होती. गिरणीचे पहिले व्यवस्थापक ओदाका आत्सुतादा यांनी आपल्याच मुलीला, यूला, पहिली कामगार म्हणून घातलं, तेव्हा कुठे इतर घरांतल्या मुली आल्या. त्यांत सामुराईंच्या मुली बऱ्याच होत्या. १८७३ मध्ये सम्राज्ञीने स्वतः गिरणीला भेट दिली. त्याआधीपासून ती राजवाड्यात रेशीमकिडे पाळत होती. सम्राटाचं घर ही इथे नुसती जुनी शोभा नव्हती. गिरणीत जाणं हलकं काम नाही, हे त्या घराकडे बघून लोकांना पटत होतं. त्याच वर्षी सम्राटाने शेंडीवजा केशगाठ कापली आणि पाश्चात्य लष्करी पोशाखात छायाचित्र काढून घेतलं.

गिरणी नफ्यात चालली असं नाही. तिचा हेतू नमुना दाखवायचा होता. शिकलेल्या मुली आपापल्या गावी परतल्या आणि तिथल्या गिरण्यांत शिकवू लागल्या. वादा एइ नावाची मुलगी १८७४ मध्ये मात्सुशिरोला परतून तेच करू लागली, आणि पुढे तिने तोमिओकाच्या आठवणी लिहून ठेवल्या. पण धंदा खरा फुलला तो मध्य जपानमधल्या सुवाच्या खोऱ्यात. तिथल्या लोकांनी धातूच्या कढयांऐवजी मातीच्या भाजलेल्या कढया घेतल्या, यंत्राचा सांगाडा लाकडाचा केला आणि वाफेऐवजी पाणचक्की जोडली. खर्च तोमिओकाच्या मानाने किरकोळ आणि धागा युरोपात खपण्याजोगा. या स्वस्त गिरण्यांत पुढे शेतकऱ्यांच्या मुलींकडून दिवसाला बारा-चौदा तास काम घेतलं गेलं, हेही त्याच कहाणीचा भाग आहे. सरकारने १८८० नंतर तोट्यातले कारखाने खासगी घराण्यांना विकायला काढले आणि १८९३ मध्ये तोमिओका मित्सुई या व्यापारी घराण्याकडे गेली.

मग या साऱ्याला मराठीत काय म्हणायचं? माझं मत असं: १८६८ च्या घोषणेपुरतं लिहायचं असेल तर ‘राजसत्तेची पुनःस्थापना’ लिहावं. पूर्ण काळाबद्दल लिहायचं असेल तर ‘मेइजी कायापालट’. ‘स्थित्यंतर’ही चालेल, पण तो जरा कोरडा आहे आणि कोणत्याही बदलाला लागतो. ‘सुधारणा’ तोकडा पडतो, संस्थानं आणि तनखे बुडवणं ही सुधारणा नव्हे. कायापालटात देह बदलतो आणि आत राहणारा तोच असतो. जुनं राज्य आणि नवा आदेश, हा ‘इशिन’चा अर्थ मराठीत इतक्या जवळून दुसऱ्या शब्दात येत नाही.

लिहिताना एवढं पाहा: ‘पुनर्स्थापना’ हे रूप सर्रास दिसतं, पण पुढे ‘स’ आला की ‘पुनर्’मधल्या ‘र्’चा विसर्ग होतो, म्हणून ‘पुनःस्थापना’. ‘पुनर्जन्म’मध्ये पुढे ‘ज’ आहे, तिथे ‘र्’ राहतो. आणि ‘मेइजी’ हे सम्राटाच्या कालखंडाचं नाव आहे, ‘मेइ’ म्हणजे उजेड आणि ‘जी’ म्हणजे शासन. १८६८ मध्ये ते ठरलं तेव्हाच एका राजवटीला एकच नाव असा नियमही झाला, त्यामुळे ‘मेइजी सम्राट’ आणि ‘मेइजी काळ’ दोन्ही बरोबर आहेत. मुलीच्या पुस्तकात ‘मेइजी पुनःस्थापना’च असेल तर परीक्षेत तेच लिहू द्या. पुस्तकाने फक्त घोषणेचं नाव सगळ्या काळाला दिलं आहे, हे तिला घरी सांगा.