हिलिकमध्ये पीक सरकतोय, कॉलम गेला का?

"अमाइड कॉलमवर ग्लुटामाइनचा पीक दर रनला थोडा आधी येतोय आणि फुटतोय पण, कॉलम बदलू का?"

इतक्यात नको. आधी येतोय कारण बहुतेक ग्रेडियंटच्या शेवटचं जास्तीचं पाणी पुढच्या इंजेक्शनआधी निघत नाहीये, आणि पार्टिकलवरचा पाण्याचा थर परत सेट व्हायला हिलिकमध्ये रिव्हर्स फेजपेक्षा खूप वेळ लागतो. २.१ × १०० मिमी कॉलमला ०.४ मिली फ्लोवर सुरुवातीच्या मोबाइल फेजनं १०-१२ मिनिटं द्या (साधारण २० कॉलम व्हॉल्यूम), आणि प्रत्येक रनला तेवढीच. पीक जागेवर आला तर कारण तेच होतं.

फुटणं वेगळं. सॅम्पल पाण्यात असेल तर इथे पाणीच स्ट्राँग सॉल्व्हेंट, त्यामुळे थोडं ग्लुटामाइन प्लगसोबत पुढे पळतं. ७५ टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये घ्या, गढूळ झालं तर पाणी थोडं वाढवून फक्त १ मायक्रोलिटर टाका.