भांडणानंतर झोप येत नसेल तर आधी अंथरुणातून उठ

भावाशी वाजलं की मीही रात्री 2 वाजता छताकडे बघत त्याला द्यायची उत्तरं जुळवायचो. अंदाजे 20 मिनिटांत झोप लागली नाही तर उठ, घड्याळ मात्र बघू नकोस. तसंच पडून राहिलास तर अंथरुणात शिरलं की विचार सुरू, अशी सवयच लागते. दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात कागदावर दोनच ओळी लिही: काय लागलं आणि उद्या काय करणार. माझ्या असायच्या, ‘त्याने आईसमोर हिशेब काढला. उद्या चहानंतर एकट्यात बोलेन.’ पानभर लिहिलंस की भांडण पुन्हा पेटतं. मोबाइलवर तर लिहूच नकोस, चुकून पाठवशील (मी पाठवलंय!). मग 4 मोजत श्वास घे, 6 मोजत सोड. डोळे जड झाले की परत आडवा हो. महिनाभर असंच चाललं तर डॉक्टरांना दाखव.