जर्मनमधला ‘ओप’ आणि आपला ‘की’

प्रश्न : जर्मनच्या ए-टूच्या वर्गात आहे. सुटा प्रश्न विचारता येतो, पण ‘तो आज येतो का, मला माहीत नाही’ लिहिलं की लाल रेघ. ‘दास’ लिहायचं, ‘वेन’ की ‘ओप’? आणि क्रियापद कुठे?

इथे ‘ओप’. घोळ आपल्या ‘की’मुळे होतो, कारण तो तिन्हींच्या जागी बसतो. ‘मला वाटतं की तो येईल’ यातला ‘की’ म्हणजे ‘दास’. ‘तो आला की सांग’ यातला ‘वेन’. ‘तो येतो की नाही ते सांग’ इथे मात्र ‘ओप’. म्हणून आतल्या वाक्याला ‘की नाही’ जोडून बघा. अर्थ न बिघडता बसलं, तर बेलाशक ‘ओप’ घाला. इंग्रजीतल्या ‘इफ’वरून जाल तर ‘वेन’ लिहाल आणि वाक्य चुकलेलंही दिसणार नाही, फक्त अर्थ बदलेल : ‘झाक मीर, वेन एर कॉम्ट’ म्हणजे तो आला की मला सांग, ‘झाक मीर, ओप एर कॉम्ट’ म्हणजे तो येणार का ते सांग. ‘वान’ घातलंत तर तो कधी येणार ते सांग.

आता क्रियापद. सुट्या हो-नाही प्रश्नात ते सगळ्यांत पुढे असतं : ‘कॉम्ट एर हॉयट?’ पोटवाक्यात ते थेट शेवटी जातं : ‘इश वाइस निश्ट, ओप एर हॉयट कॉम्ट.’ मराठी माणसाला हे खरं तर सोपं जायला हवं, आपलं क्रियापद एरवीही शेवटीच असतं. ‘वो’, ‘वान’, ‘वारुम’ असे प्रश्नशब्द असतील तर ‘ओप’ लागत नाही, प्रश्नशब्दच जोडणीचं काम करतो. ‘वो इस्ट देर बानहोफ?’चं ‘क्योनन झी मीर झागन, वो देर बानहोफ इस्ट?’ होतं. स्टेशनवर घाईत ‘वो इस्ट’ तसंच तोंडातून जातं. लोकांना कळतं, पेपरात गुण जातात. शेवटचं प्रश्नचिन्ह ‘सांगू शकाल का’चं आहे. सुरुवात ‘इश वाइस निश्ट’ने केली असती तर पूर्णविराम आला असता. मधला स्वल्पविराम दोन्हीकडे हवाच.

तुटणारी क्रियापदं इथे परत जुळतात. ‘वान फेंग्ट देर कुर्स आन?’ यात ‘आन’ लांब पडलाय; पोटवाक्यात ‘वान देर कुर्स आनफेंग्ट’, एकच शब्द. भूतकाळात ‘इस्ट एर गेकॉमन?’चं ‘ओप एर गेकॉमन इस्ट’ होतं, म्हणजे साहाय्यक क्रियापद सर्वांत मागे.

एक गोष्ट वर्गात उशिरा सांगतात. मराठीत आपण समोरच्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो : ‘तो मला विचारतो, तू कुठे राहतोस’. जर्मन पोटवाक्यात ‘तू’चा ‘मी’ करावा लागतो : ‘एर फ्राक्ट मिश, वो इश वोने’. तिथे ‘डू’ ठेवलंत, तर तो तुम्हाला तुमच्या श्रोत्याचा पत्ता विचारतोय असं होईल.