वहीतले ते सहा रिकामे आठवडे

"ताई, माझ्या मुलांनी तालुक्याला मेडलं आणली, फोटो जोडले, सर्टिफिकेटं जोडली, तरी कोचच्या नोकरीचा अर्ज पुढे सरकत नाही. प्रगती आणखी कशी दाखवायची? आणि ते 'सेफ ट्रेनिंग मेथड्स'च्या रकान्यात लोक नेमकं लिहितात तरी काय?"

२०२३ मध्ये नॅशनल गेम्स गोव्यात झाल्या, त्यानंतर माझ्याकडे करिअरबद्दल बोलायला येणाऱ्यांत कोच आणि ट्रेनर मंडळी खूप वाढली, आणि थोड्याफार फरकाने जवळजवळ प्रत्येकजण हेच विचारतो. म्हणून त्यातल्या एकाची गोष्ट सांगते, त्याची परवानगी घेऊनच, आणि ओळखता येईल असं काही ठेवलेलं नाही.

साखळीकडचा मुलगा, तिशी ओलांडलेला, एका शाळेत कॉन्ट्रॅक्टवर अ‍ॅथलेटिक्स शिकवायचा. पहिल्या भेटीत त्याने फाईल पुढे ठेवली. मेडलांची यादी, स्टेजवरचे फोटो, प्रत्येक फोटोखाली मुलाचं नाव, शाळा, जन्मतारीख. सेफ्टीच्या रकान्यात दोनच ओळी, 'वॉर्म-अप आणि कूल-डाउन करून घेतो. झीरो इंज्युरी रेकॉर्ड.'

मी विचारलं, "या पोरांपैकी सगळ्यात जास्त सुधारलं कोण?"

त्याने लगेच एका मुलाचा फोटो दाखवला. नववीतला पोरगा, १०० मीटरचा टाइम वर्षभरात १४.९ वरून १३.९ सेकंदांवर आलेला.

"वर्षभरात उंची किती वाढली त्याची?"

तो थांबला. मग म्हणाला, "आठ सेंटिमीटर. तसा तो अंगानेच वाढला हो, मी नसतो तरी थोडा फास्ट झालाच असता."

हे तो स्वतःच बोलला ते बरं झालं, कारण निवड समितीत बसलेला जाणकार माणूस पहिला हाच विचार करतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची वाढ जोरात चालू असते, पाय लांब होतात, ताकद आपोआप येते, त्यामुळे टाइम कमी झाला म्हणजे सगळं कोचिंगचंच फळ असं होत नाही. त्यात हाताने दाबलेलं स्टॉपवॉच. दोन माणसं एकाच रेसचा टाइम घेतात तेव्हा दोन-तीन दशांशाचा फरक सहज पडतो, म्हणजे १०० मीटरमध्ये दोन दशांशाची 'सुधारणा' दाखवणं म्हणजे बोटाची चपळाई दाखवण्यासारखं आहे. एका मुलाचा एक चांगला आकडा हा फोटोच असतो, त्यातून प्रवास दिसत नाही.

मी त्याला घरी जाऊन एवढंच करायला सांगितलं की गेल्या जूनमध्ये जेवढी मुलं सुरुवातीला होती त्या सगळ्यांची नावं लिहून आण, फक्त जिंकलेल्यांची नको. माझी पद्धत अशी आहे की अर्जात काय लिहायचं हे मी कुणाला आधी सांगत नाही, त्याने रोज काय केलंय ते आधी त्याच्याच तोंडून ऐकते, उत्तर बहुतेकदा तिथेच कुठेतरी पडलेलं असतं आणि त्याला ते उत्तर वाटतच नसतं.

दुसऱ्या वेळी आला तेव्हा हातात एक जाड वही. घामाने कडा मऊ पडलेल्या. सोळा मुलं सुरुवातीला. पाच मधेच सोडून गेली, दोन ट्यूशनमुळे, एक घर बदलल्यामुळे, दोघांचं कारण त्याला माहीत नव्हतं. राहिली अकरा. त्यातली आठ स्पष्ट सुधारली, दोघांचा टाइम तिथेच, एक मुलगा मागे गेला. त्याला हे दाखवायची लाज वाटत होती. मी म्हटलं, हेच दाखवायचं, सोळातली अकरा टिकली आणि अकरातली आठ सुधारली, यावर समोरचा विश्वास ठेवतो, नुसती तीन मेडलं दिली की त्याच्या मनात येतं की बाकीची पोरं कुठे गेली.

मग टेस्ट कशी घेतली ते लिहायला लावलं. त्याच्याकडे उत्तरं होती, फक्त कागदावर नव्हती. दर सहा आठवड्यांनी, तीच मातीची दोनशे मीटरची फेरी, सकाळी सव्वासहाला ऊन चढायच्या आत, तेच घड्याळ, टाइम घेणारा तोच, आदल्या दिवशी जड व्यायाम नाही. मधे पाऊस असेल तर टेस्ट पुढे ढकललेली, तसं वहीत लिहिलेलं. एवढ्या दोन ओळी आल्या की आकड्यांना वजन येतं, नाहीतर जूनचा आकडा चिखलातला आणि फेब्रुवारीचा कोरड्या मातीवरचा असला तर सुधारलं पोरगं की ग्राउंड, कळणार कसं.

वही चाळताना एका मुलीच्या पानावर मी अडकले. ८०० मीटर. जून ३:०४, ऑगस्ट २:५६, आणि मग थेट फेब्रुवारी २:५१. मधल्या ओळींवर व्हाइटनर.

"इथे काय होतं?"

"ते राहू द्या, ताई. तो माझा फेल्युअर आहे."

मी वही बंद केली नाही. बराच वेळ तो बोलला नाही, मग सांगायला लागला.

जुलैत शाळेचं ग्राउंड पाण्याखाली गेलं. प्रॅक्टिस बंद पडू नये म्हणून याने पोरांना शाळेमागच्या डांबरी रस्त्यावर नेलं, आणि तालुक्याची स्पर्धा जवळ आली म्हणून आठवड्याचे तीन दिवस पाच केले. ऑगस्टच्या शेवटी ही मुलगी वॉर्म-अपनंतर किंचित लंगडते असं त्याच्या लक्षात आलं. विचारलं तर "काही नाही, सर." दुसऱ्या दिवशी परत तेच. त्याने तिलाच नडगीवरून बोट फिरवायला सांगितलं. नडगीच्या आतल्या बाजूने लांबवर दुखत असेल तर बहुतेक वेळा तो 'शिन स्प्लिंट' निघतो, पण हिचं दुखणं एकाच जागी होतं, बोटाच्या टोकाएवढं, आणि रात्री झोपतानाही जाणवत होतं. हाडालाच काही झालं असेल या शंकेने त्याने तिथेच तिचं धावणं थांबवलं. तिच्या आईला बोलावलं, शाळेतल्या मॅडमना सोबत घेतलं, कारण खाणं, झोप, पाळी नियमित आहे का हे विचारणं गरजेचं होतं आणि ते आपण विचारण्यापेक्षा त्यांनी विचारलेलं बरं हे त्याला कळत होतं. हाडाच्या डॉक्टरकडे पाठवलं. एक्स-रे साफ आला. घरचे म्हणाले, "बघा, काही नाही, पळू द्या." याने ऐकलं नाही, कारण हाडावरचा असा ताण सुरुवातीला एक्स-रेत बहुतेकदा दिसत नाही हे त्याला ठाऊक होतं, डॉक्टरांनीही एमआरआय सांगितला. हाडावर ताण आलेला, तडा अजून नव्हता. सहा आठवडे धावणं बंद.

स्पर्धा हुकली. मुलीचे वडील चिडले, शाळेतही बोलणी बसली. आणि याने त्या ओळी पुसून टाकल्या.

माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघंही इतका वेळ एक चूक करत होतो. प्रगती एका रकान्यात, सेफ्टी दुसऱ्या रकान्यात, जणू दोन वेगळ्या गोष्टी. आणि इथे एकाच पोरीच्या एकाच पानावर दोन्ही होत्या. त्या सहा रिकाम्या आठवड्यांशिवाय २:५१ चा काही अर्थच लागत नव्हता. मला आजही तो क्षण आठवला की समाधान वाटतं.

मी विचारलं, "थांबवलं नसतं तर?"

"फ्रॅक्चर झालं असतं कदाचित. मग पूर्ण सीझन गेला असता. पुढचाही."

"आणि तू हे लपवलंस."

तो नुसता वहीकडे बघत बसला. थोड्या वेळाने त्यानेच नखाने व्हाइटनर खरवडायला सुरुवात केली. खाली होतं, नोव्हेंबर, ३:०७. म्हणजे जूनपेक्षाही मागे. परत आल्यानंतरचा पहिला टाइम.

तिसऱ्या भेटीत आम्ही फक्त ते पान अर्जात कसं येईल यावर बसलो. त्याची भीती होती की रस्त्यावर पळवणं ही आपलीच चूक, ती आपणच लिहायची? मी म्हटलं लिही, पण त्यानंतर काय बदललंस तेही लिही. तेही त्याच्याकडे होतं. पुढच्या पावसाळ्यात कडक जमिनीवर धावणं आठवड्यातून जास्तीत जास्त दोनदा, बाकी दिवस शाळेच्या व्हरांड्यात ताकदीचे आणि बॅलन्सचे व्यायाम, दिवस आणि अंतर दोन्ही एकदम वाढवायचं नाही, आणि दर सोमवारी बुटांचे तळ बघायचे. शिवाय प्रॅक्टिसनंतर प्रत्येक मूल शून्य ते दहामध्ये एक आकडा सांगतं, आज किती जड गेलं, आणि तो आकडा गुणिले मिनिटं वहीत जातात. चाळीस मिनिटं आणि सहा म्हणजे २४०. एखाद्या आठवड्याची बेरीज आधीच्यापेक्षा एकदम उडाली की तो पुढचा दिवस हलका ठेवतो. हा आकडा इजा होणार की नाही हे सांगत नाही, फक्त कुठे बघायचं ते सांगतो, आणि अर्जातही तसंच लिहायला लावलं, कारण त्याच्यापेक्षा जास्त दावा केला की जाणकार माणूस तिथेच पेन ठेवतो.

मुलगी परत कशी आली तेही आलं. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आधी अर्धा तास भरभर चालणं, दुखलं नाही तर गवतावर एक मिनिट जॉग एक मिनिट चाल, दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कसा आहे ते विचारूनच पुढची पायरी, खिळ्यांचे बूट म्हणजे स्पाइक्स सगळ्यात शेवटी.

'झीरो इंज्युरी' ही ओळ मी काढायला लावली. वाढत्या वयातली अकरा मुलं वर्षभर धावली आणि कुणालाच काही झालं नाही म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, याने लिहून ठेवलं नाही. त्याऐवजी आलं ते असं, 'वर्षभरात दोन तक्रारी. एक घोटा मुरगळला, बारा दिवसांत परत. एक नडगीचं हाड, सहा आठवडे बंद, तीन महिन्यांत जुन्या टाइमपेक्षा पुढे.' निदान डॉक्टरांचं, आपलं काम ओळखणं आणि थांबवणं, हे वाक्य त्याने स्वतःहून घातलं.

फोटो सगळे गेले. नावाच्या जागी मुलगी-४, मुलगा-७. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायची तरतूद आहे, आणि ही तर दुखापतीची माहिती. मुलीच्या घरी तो स्वतः जाऊन आला, नावाशिवायचं पान दाखवलं, सही घेतली. वडिलांनी सही करताना विचारलं म्हणे, "त्या वेळी मी ओरडलो ते पण लिहिलंय का?"

अर्ज शेवटी दोन पानांचा झाला. पहिल्यावर सोळा मुलांचा तक्ता, उंचीच्या रकान्यासकट, आणि टेस्ट कशी घेतली ते. दुसऱ्यावर फक्त मुलगी-४. मेडलांची यादी एका ओळीत, खाली.

एका अकॅडमीने त्याला बोलावलं. त्याने फोनवर सांगितलं की पॅनेलवरच्या एका बाईंनी पहिलं पान उलटलं, दुसऱ्यावर नोव्हेंबरच्या ३:०७ वर बोट ठेवलं आणि विचारलं, "हिला परत किती दिवसांनी स्पाइक्स घालू दिले?"

"नऊ आठवड्यांनी," तो म्हणाला, आणि मग वीस मिनिटं ते दोघं फक्त त्याच पानावर बोलत बसले.