जॅमसारखा बलक: 65 अंश, 50 मिनिटं

प्रश्न: अंड्याचा बलक जॅमसारखा व्हावा, वाहूही नये आणि कोरडाही पडू नये, यासाठी कमी तापमानाच्या पाण्यात अंडी कशी शिजवायची? नेमकं तापमान आणि वेळ सांगा. माझ्याकडे मशीन नाही, स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर आहे.

थर्मामीटर आहे ना, मग झालं काम. आधी 3 मिनिटं उकळत्या पाण्यात, मग 1 मिनिट बर्फाच्या पाण्यात आणि त्यानंतर 65 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 50 मिनिटं. हा हिशेब 55 ग्रॅमच्या आसपासच्या, फ्रिजमधून काढलेल्या अंड्यांचा आहे.

सुरुवातीची ती 3 मिनिटं बरेच जण गाळतात आणि मग पांढरा भाग शेंबडासारखा राहिला म्हणून वैतागतात. पांढऱ्यातली काही प्रथिनं 61-62 अंशांना धरायला लागतात, पण त्यातलं सगळ्यात जास्त असलेलं ओव्हाल्ब्युमिन 80 अंशांच्या पुढे गेल्याशिवाय घट्ट होत नाही. बलक मात्र 65च्या आसपासच दाटायला लागतो. म्हणजे बलक हवा तसा होतो तेव्हा पांढरं अर्धवटच असतं. जपानी ओन्सेन तामागोत ते तसंच ठेवतात, चमच्याने खातात. आपल्याला सोलून पावावर ठेवायचं असेल तर बाहेरचं पांढरं आधी उकळत्या पाण्यात धरून घ्यायचं. तेवढ्या वेळात उष्णता बलकापर्यंत फारशी पोचत नाही, आणि बर्फाचं पाणी तिला तिथेच थांबवतं. शिवाय सोलायलाही सोपं जातं.

आता गॅसवर 65 कसं टिकवायचं? पातेलं मोठं घ्या. पाणी जितकं जास्त, तितकं तापमान कमी हलतं. समजा 4 लिटर पाणी आणि 4 अंडी. बर्फातून काढलेली अंडी सरासरी 30 अंशांची धरली, तर ती टाकल्यावर पाणी साधारण दीड अंशाने उतरतं. म्हणून पाणी 66.5 वर आणा, गॅस बंद करा, अंडी सोडा, झाकण ठेवा. दर पाच-सात मिनिटांनी पाणी ढवळून मधोमध मोजा. तळाशी टेकवलेला थर्मामीटर भलताच आकडा दाखवतो. 64.5 च्या खाली गेलं की सगळ्यात छोट्या बर्नरवर मंद आच अर्धा-पाऊण मिनिट द्या. पाऊण अंश इकडेतिकडे झालं तर चालेल, पण 68 च्या वर बराच वेळ राहिलं तर जॅम विसरा.

थर्मामीटर आधी तपासून घ्या. बर्फ घातलेल्या पाण्यात 0 दाखवायला हवा. उकळत्या पाण्यात मुंबईत 100, पण पुण्यात 98 च्या आसपास दाखवला तर तो बरोबरच आहे; उंचीवर पाणी लवकर उकळतं. 65 अंश मात्र महाबळेश्वरलाही 65च, त्यामुळे या टप्प्याची वेळ गावागणिक बदलत नाही.

नुसतं तापमान पुरेसं नाही, वेळही लागते. सेझार वेगा आणि रुबेन मेर्काडे-प्रिएतो यांनी 2011 मध्ये नेमकं हेच दाखवलं: एकाच तापमानाला बलक जितका वेळ राहील तितका दाटत जातो. त्यामुळे कसोटी अशी. पहिलं अंडं 50 मिनिटांनी कापा. बलक मधासारखा ओघळला तर बाकीची आणखी 10 मिनिटं ठेवा. चमच्याची खूण उमटून तशीच राहिली, कापलेली कड किंचित ढासळली, रंग अजून गडद आणि चकचकीत असला, की झालं. फिकट आणि भुसभुशीत दिसला तर पाणी जास्त तापलं होतं, वेळेला दोष देऊ नका. गावठी अंडी लहान असतात, त्यांना 45 मिनिटांनीच बघा.

साडेसहा मिनिटं उकळूनही जॅमसारखा बलक मिळतो, हे कुणीतरी सांगेलच. मिळतो, पण कडेला घट्ट आणि मधे पातळ. शिवाय मिनिटभर चुकलं की फरक दिसतो. इथे सगळा बलक एकसारखा होतो आणि पाच मिनिटं उशीर झाला तरी काही बिघडत नाही. घाई असेल तर खुशाल उकळा.

घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर गॅसवर सांभाळलेल्या तापमानावर विसंबू नका; त्यांचं अंडं पूर्ण उकडा. पाणी 55 च्या खाली उतरून तसंच राहिलं असेल तर ती अंडीही अशी खाऊ नका.

लगेच खायची नसतील तर सालासकट बर्फाच्या पाण्यात पूर्ण गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि एक-दोन दिवसांत संपवा. गरम करताना 60 अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवली की बलक आहे तसा राहतो. मायक्रोवेव्हमध्ये मात्र सालासकट कधीच नाही, फुटतात.